तीन सेंटिमीटरचा हिशेब

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. साताऱ्यातील आमच्या घरी ती न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर येई, तेव्हा शहाबादी फरशीवर तिची पावले उमटत. उजव्या पावलाचा ठसा पूर्ण असे आणि डाव्याची टाच पुसट असे. हे मी कित्येक महिने पाहत होते आणि फरशीला उतार असेल, अशी स्वतःची समजूत घालत होते. त्याच सुमारास शिंपीकाकांनी तिच्या गणवेशाच्या स्कर्टची कड दोनदा सरळ करून दिली आणि दोन्ही वेळा अंगावर घालताच ती डावीकडे खाली आली. तिसऱ्या वेळी त्यांनी कापड न पाहता मुलीच्या कमरेकडे पाहिले आणि म्हणाले, "ताई, स्कर्ट बरोबर आहे."

पुढच्याच महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्याला बाक असल्याचे लिहून दिले. शहरातल्या एका दवाखान्यात उभ्याने एक्स-रे काढला, त्यात कमरेच्या मणक्यांचा बाक १४ अंशांचा निघाला. स्कोलिओसिस आहे, पट्टा लावावा लागेल, असे आम्हाला सांगण्यात आले आणि पट्ट्यासाठी तिच्या छातीचे व कमरेचे मापही घेऊन झाले. आगाऊ रक्कम भरून आम्ही घरी आलो. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते, त्यामुळे दुसरे मत घेतल्याशिवाय मोठा खर्च करायचा नाही ही सवय अंगात मुरलेली आहे. म्हणून आम्ही पुण्याला, लहान मुलांच्या हाडांचे विकार पाहणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे पाहिला आणि काही न बोलता मुलीला आमच्याकडे पाठ करून एका स्टुलावर बसवले. बसल्याबरोबर तिची पाठ सरळ झाली. पुढे वाकायला सांगितले तेव्हा बरगड्यांचा उंचवटा दोन्ही बाजूंना सारखा होता. खऱ्या स्कोलिओसिसमध्ये मणके एकमेकांवर पिळलेले असतात, त्यामुळे बसल्यानंतरही बाक आणि एका बाजूचा उंचवटा कायम राहतो. आमच्या मुलीचा कणा मात्र तिरप्या पायावर उभ्या केलेल्या भिंतीसारखा होता. डावा पाय आखूड असल्यामुळे उभे राहिल्यावर कमरेचे हाड डावीकडे खाली जात होते आणि डोके मध्यावर ठेवण्यासाठी कणा डावीकडे फुगवटा करून पुन्हा उजवीकडे वळत होता. बसल्यावर पायांचा संबंधच संपतो, म्हणून बाकही नाहीसा झाला. पट्ट्याची आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, पण पट्टा बसला नाही हे महत्त्वाचे.

मग पाय मोजायला सुरुवात झाली. हे काम इतके निसरडे असेल असे मला वाटले नव्हते. मुलीला टेबलावर उताणे झोपवून कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप लावतात. ही पायाची खरी लांबी मानतात. बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजले तर दिसणारी लांबी मिळते, आणि कंबर तिरकी असली तर दोन्ही पाय सारखे असूनही त्यात फरक येतो. खऱ्या लांबीचे माप त्या दिवशी तिघांनी घेतले. शिकाऊ डॉक्टरांना फरक २.८ सेंटिमीटर मिळाला, दुसऱ्यांना १.६ आणि डॉक्टरबाईंना २.१. टेपच्या मापात एवढी तफावत नेहमीचीच असते, असे त्यांनी सांगितले. हाडाचे टोक त्वचेखाली नेमके कुठे धरायचे यात अर्धा सेंटिमीटर सहज सरकतो, मांडीच्या जाडीवरून टेप जाताना थोडे वाढते आणि घोट्याखालची पावलाची उंची तर मापात येतच नाही.

त्यांचा भरवसा लाकडी ठोकळ्यांवर जास्त होता. पाच-पाच मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत फळ्या डाव्या पायाखाली एकेक करून सरकवत त्या मागे बसून दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवत आणि दोन्ही अंगठे एका रेषेत येईपर्यंत फळ्या वाढवत. चौथ्या फळीला अंगठे समान आले. त्यांनी मलाही हात ठेवून पाहायला लावले. तीन फळ्यांवर माझा डावा अंगठा किंचित खाली होता आणि पाचव्या फळीवर तो वर गेला. मुलीला स्वतःला विचारले, तेव्हा तीही चौथ्यालाच म्हणाली, "आता मी सरळ आहे." ठोकळ्यांच्या मापात पावलाची उंचीही येते आणि माणूस प्रत्यक्षात उभा असतो तसाच मोजला जातो, हा त्याचा फायदा.

शेवटी मांडीपासून घोट्यापर्यंतचा उभ्याने एक्स-रे झाला. डाव्या पायाखाली दोन सेंटिमीटरचा ठोकळा, गुडघ्याच्या वाट्या समोर आणि दोन्ही गुडघे पूर्ण ताठ. मांडीजवळ एक धातूची गोळी चिकटवली होती. तिचा व्यास २५ मिलिमीटर असतो. चित्रात तो जितका मोठा दिसेल त्यावरून सबंध चित्र किती फुगले आहे हे कळते आणि त्या प्रमाणात मापे खाली आणता येतात. त्यातून हिशेब स्पष्ट झाला. उजव्या मांडीचे हाड ३३.० सेंटिमीटर, डाव्याचे ३१.३. नडगी उजवीकडे २६.४, डावीकडे २६.०. एकूण फरक २.१ आणि त्यातला १.७ एकट्या मांडीत. झोपवून गुडघे वाकवले तेव्हाही हेच दिसले होते, डावा गुडघा उजव्यापेक्षा मागे, कमरेकडे सरकलेला होता. नडगी आखूड असती तर तो खाली दिसला असता.

यानंतर डॉक्टरबाईंनी विचारलेला प्रश्न मला सुचलाच नसता. डावा पाय आखूड आहे की उजवा गरजेपेक्षा लांब आहे? शरीराचा एक भाग जास्त वाढण्याचा एक प्रकार असतो आणि त्या मुलांना लहान वयात मूत्रपिंडाच्या गाठीचा धोका असतो, म्हणून त्यांच्या पोटाची सोनोग्राफी ठरावीक काळाने करावी लागते. तिचे हात, चेहरा आणि दोन्ही पायांचे घेर मोजले, एकदा सोनोग्राफीही झाली. सगळे समान होते. उलट डाव्या गुडघ्यात एक खूण सापडली. गुडघा वाकवून नडगी पुढे ओढली की ती उजव्यापेक्षा जास्त पुढे येत होती, म्हणजे मांडी आणि नडगीची हाडे एकमेकांना बांधून ठेवणारी आतली पुढची दोरी सैल होती. आखूड मांडी घेऊन जन्मलेल्या मुलांत ही दोरी अनेकदा सैल किंवा अर्धवट असते. निदान तिथे ठरले : मांडीच्या हाडाचा जन्मजात, सौम्य आखूडपणा. ही सैल दोरी पुढे निर्णयात फार मोठी ठरणार होती, पण त्या दिवशी मी ती वहीत एका ओळीत लिहून पुढे गेले.

जन्मजात फरकाचा एक गुण हिशेबनिसाला आवडावा असा आहे. दोन्ही पाय आपापल्या प्रमाणात वाढत जातात, त्यामुळे आजचा फरक एका ठरावीक गुणकाने गुणला की वाढ संपतानाचा फरक मिळतो. मुलींसाठी आठव्या वर्षी हा गुणक सुमारे १.३३ असतो, दहाव्या वर्षी १.१९ आणि अकराव्या वर्षी १.१३. आमच्या २.१ सेंटिमीटरचे उत्तर २.८ आले. डॉक्टरबाईंनी मात्र लगेच बजावले की मापात दोन मिलिमीटरची चूक असेल तर तीही गुणली जाते, म्हणून एका मापावर काहीही ठरवायचे नाही, दर वर्षी मोजायचे आणि उत्तर स्थिर राहते का ते पाहायचे. अपघाताने किंवा जंतुसंसर्गाने हाडाच्या टोकाजवळची, जिथून हाड लांबीला वाढते ती वाढीची पट्टी खराब झाली असेल, तर हा साधा गुणाकार चालत नाही, कारण तिथे दोन पायांचे प्रमाण दर वर्षी बदलत जाते.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तिचे चालणे मोबाइलवर मागून टिपले आणि संथ गतीने दाखवले, तेव्हा मला माझ्याच मुलीची चाल पहिल्यांदा दिसली. डावे पाऊल टेकले की वेणी एकदम खाली जाई आणि उजव्यावर ती पुन्हा वर येई. डावी टाच जमिनीला अर्धवट स्पर्श करून उचलली जाई, म्हणजे फरशीवरच्या पुसट ठशाचे कारण हेच होते. उभी असताना ती उजवा गुडघा वाकवून उंची बरोबर करी. घरी आम्ही त्याला ऐटीत उभे राहणे म्हणत होतो. एवढ्या फरकाला शरीर या युक्त्यांनी सामावून घेते आणि आठ वर्षांचे मूल त्याबद्दल तक्रारही करत नाही. फरक पायाच्या लांबीच्या साडेपाच टक्क्यांच्या पुढे गेला की या युक्त्यांची मेहनत चालण्याच्या खर्चात दिसू लागते, असे १९९७ साली मुलांच्या चालीवर झालेल्या एका अभ्यासातून पुढे आले. आमचा फरक साडेतीन टक्के होता.

पुढे पाठ दुखेल का, हे मी तीन वेळा विचारले. डॉक्टरबाईंनी तिन्ही वेळा एकच उत्तर दिले की दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने पाठदुखी येतेच, असे ठामपणे म्हणता येत नाही, अभ्यासांत एकवाक्यता नाही. मला हे उत्तर सुरुवातीला टाळाटाळीचे वाटले, नंतर त्यातला प्रामाणिकपणा पटला. सांध्यांबाबत त्या अधिक स्पष्ट होत्या. कंबर आखूड बाजूला झुकली की लांब पायाच्या खुब्याचा गोळा वाटीतून थोडा अधिक उघडा पडतो, आणि एक सेंटिमीटरहून अधिक फरक असलेल्यांत आखूड पायाच्या गुडघ्याची झीज जास्त आढळल्याचे २०१० साली एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते.

उपाय म्हणून आधी बूट आला. पूर्ण दोन सेंटिमीटर एकदम द्यायचे नसतात. पहिल्या महिन्यात बुटाच्या आत टाचेखाली पाच मिलिमीटर दिले आणि नंतर बाहेरून तळवा वाढवून एकूण दीड सेंटिमीटरवर आणले. आत एक सेंटिमीटरहून अधिक भर घातली की टाच बुटातून वर निसटते, हे मी एकदा हट्टाने करून पाहिले आणि मुलीच्या टाचेला फोड आणून ठेवला. पोवई नाक्याजवळ बसणाऱ्या चर्मकार काकांनी हे काम फार सुरेख शिकून घेतले. ते बुटाचा तळ पट्टीने आडवा कापून वेगळा करत, मध्ये हलक्या स्पंजासारख्या शीटचे थर सोल्युशनने चिकटवत आणि मूळ तळ पुन्हा खाली लावत. टाचेला पंधरा मिलिमीटर, चवड्याखाली दहा आणि बोटांकडे निमुळते होत पाच. पहिल्या जोडात त्यांनी टायरचे रबर वापरले होते, तेव्हा डावा बूट इतका जड झाला की मुलगी पाय ओढत चालू लागली. पुढच्या जोडापासून त्यांनी बूट तराजूत तोलायला सुरुवात केली.

बूट घातल्यावर वेणीचे खाली-वर होणे जवळजवळ थांबले आणि बूट घालून काढलेल्या एक्स-रेत कमरेचा बाक १४ अंशांवरून ३ वर आला. पण आपल्याकडे बूट किती वेळ पायात असतो? मी एका रविवारी आणि एका सोमवारी घड्याळ लावून पाहिले. शाळेच्या दिवशी जागेपणीच्या पंधरा तासांपैकी साडेसहा तास, रविवारी जेमतेम दोन. घरात आपण अनवाणी, देवळात अनवाणी, शाळेच्या संगणक कक्षात बूट बाहेर. वाढवलेल्या तळव्याची एक सपाताही करून घेतली, तेव्हा सासूबाईंनी आधी घरात चपला नकोत म्हणून सांगितले आणि आठवड्याने स्वतःच ती देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेवू लागल्या. शिवाय मुलगी शाळेच्या खो-खोच्या संघात होती आणि त्यांच्या मातीच्या मैदानावर सगळ्या मुली अनवाणी खेळत. पाश्चात्त्य पुस्तकांत बूट हा सोपा आणि पुरेसा उपाय म्हणून येतो. आपल्या घरांत तो दिवसाच्या अर्ध्याहून कमी वेळचा उपाय आहे, हे त्या दोन दिवसांच्या नोंदीने मला कळले.

दहाव्या वर्षी एक घोटाळा झाला. पुण्याला जाणे जमेना, म्हणून जवळच्या एका केंद्रात स्कॅनोग्राम काढून घेतला. यात आडवे झोपवून शेजारी धातूची पट्टी ठेवतात आणि खुबा, गुडघा व घोटा यांची तीन वेगवेगळी छायाचित्रे घेतात, त्यामुळे चित्र फुगण्याची चूक फारशी राहत नाही. अहवालात फरक ३.६ सेंटिमीटर लिहिला होता. मी गुणाकार केला, ४.३ आले आणि रात्रभर झोप लागली नाही, कारण तेवढ्या फरकाला सगळेच पर्याय बदलतात. डॉक्टरबाईंनी ती फिल्म प्रकाशासमोर धरली आणि आधी नडगी मोजली. दोन वर्षांपूर्वी नडगीतला फरक ४ मिलिमीटर होता, आता तो ११ दिसत होता. जन्मजात आखूड हाड असे अचानक मागे पडत नाही. डावा गुडघा किंचित वाकलेला होता. वाकलेल्या पायाची मांडी आणि नडगी दोन्ही तिरपी पडतात आणि सावली आखूड होते. त्यांनी मुलीला उभे करून फळ्या लावल्या, पाच फळ्यांवर कंबर सरळ आली. उभ्याने नवा एक्स-रे काढला, फरक २.५ निघाला. २.५ गुणिले १.१९ म्हणजे जवळपास ३.०. पुढच्या वर्षी २.६ गुणिले १.१३, पुन्हा २.९ च्या वर. उत्तर तीनच्या आसपास स्थिर झाले होते.

आता निवड करायची होती. साधारण रीत अशी सांगितली गेली की वाढ संपताना दोन सेंटिमीटरच्या आत फरक राहणार असेल तर काही करायचे नाही किंवा बुटात भर घालायची, दोन ते पाचमध्ये लांब पायाची वाढ योग्य वेळी थांबवण्याचा विचार करायचा आणि पाचच्या पुढे आखूड पाय लांब करायचा. आमचा आकडा मधल्या खणात पडत होता, तरी माझ्या पतींच्या मनात पाय लांब करण्याचेच होते. आखूड पाय सदोष आहे, तर त्याचाच इलाज करावा, निरोगी पायाला हात का लावायचा, हा त्यांचा प्रश्न अगदी साधा आणि रास्त होता. सासूबाईंनीही तेच विचारले.

डॉक्टरबाईंनी आम्हाला फिजिओथेरपीच्या खोलीत नेले. तिथे कोल्हापूरकडचा एक तेरा वर्षांचा मुलगा होता, त्याच्या मांडीभोवती धातूच्या कड्या आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा होत्या. त्याचा फरक सात सेंटिमीटरचा होता. सायबेरियातल्या कुर्गान गावी डॉ. इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र विकसित केले. हाड कापायचे, साधारण आठवडाभर थांबायचे आणि मग दोन्ही टोके रोज एक मिलिमीटर दूर न्यायची, म्हणजे मधल्या पोकळीत नवे हाड तयार होत जाते. त्या मुलाची आई दर सहा तासांनी पाना घेऊन प्रत्येक सळईची नट पाव फेरा फिरवत होती. सळईच्या आट्यांचे अंतर एक मिलिमीटर, म्हणून पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. तिने माझ्यासमोर एक नट फिरवून दाखवली. नट जेमतेम हलल्यासारखी वाटली. मुलगा मान वळवून खिडकीबाहेर पाहत होता. तारांच्या तोंडाशी पू झाल्यामुळे दोनदा अँटिबायोटिक लागले होते आणि गुडघा नव्वद अंशांपर्यंतही वाकत नव्हता, कारण हाड वाढले तरी स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत.

आमच्या तीन सेंटिमीटरसाठी लांब करण्याचा काळ महिनाभराचाच होता, पण नवे हाड पक्के होईपर्यंत कड्या एकूण चार-साडेचार महिने ठेवाव्या लागल्या असत्या. हाडाच्या आत बसवायचा आणि बाहेरून चुंबकाने लांब करायचा खिळा असतो, पण वाढीच्या पट्ट्या उघड्या असताना तो मांडीत घालणे अडचणीचे आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय ती एक ओळ, गुडघ्यातली सैल दोरी. मांडी लांब करताना ताणलेले स्नायू नडगीला मागे ओढतात आणि दोरी सैल असेल तर गुडघा सांध्यातून सरकू शकतो. सात सेंटिमीटरसाठी ही जोखीम घ्यावी लागते, गुडघ्यालाही कड्या जोडून सांभाळावी लागते. तीनसाठी ती घेणे मला पटले नाही, आणि पतींनाही त्या खोलीतून बाहेर पडल्यावर पटेनासे झाले.

उरले ते एपिफिसिओडेसिस, म्हणजे लांब पायाची एक वाढपट्टी वेळेआधी बंद करणे. मांडीच्या हाडाची बहुतेक वाढ गुडघ्यालगतच्या पट्टीतून होते, वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर. नडगीच्या वरच्या पट्टीतून सुमारे ६. मुलींची ही वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते असे धरून सरळ अंकगणित मांडता येते. आमचा फरक मुख्यतः मांडीत असल्यामुळे उजव्या मांडीचीच खालची पट्टी बंद करायची, म्हणजे शेवटी दोन्ही गुडघेही समान उंचीवर येतील. पूर्ण तीन सेंटिमीटर भरून काढायचे नाहीत, अर्धा सेंटिमीटर मुद्दाम ठेवायचा, कारण हिशेब चुकून लांब पायच आखूड झाला तर ते जास्त त्रासाचे. अडीच सेंटिमीटर भागिले ९ मिलिमीटर, म्हणजे वाढ संपण्याआधी सुमारे पावणेतीन वर्षे. शस्त्रक्रियेचे वय आले अकरा वर्षे दोन-तीन महिने.

इथे वय म्हणजे कोणते, हा पेच आहे. दाखल्यावरचे वय आणि हाडांचे वय वेगळे असू शकते. त्यासाठी डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून तो नमुन्याच्या चित्रसंग्रहाशी ताडून पाहतात. ती पावणेअकराची असताना हाडांचे वय अकरा निघाले, म्हणजे दोन्ही जवळ होते. ते बारा निघाले असते, तर वेळ गेल्यातच जमा होती, आणि पाळी आधीच सुरू झाली असती तरीही उरलेली वाढ फार थोडी. मागे वळून पाहताना मला या उपायाची खरी मर्यादा हीच वाटते. तो फार स्वस्त आणि सोपा आहे, पण त्याची खिडकी काही महिन्यांची असते आणि एकदा मिटली की उघडत नाही.

उंचीचा हिशेबही लेकीसमोरच मांडला. अंतिम उंचीतून साधारण अडीच सेंटिमीटर जाणार होते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारले, "मग खो-खोला बूट लागणार नाही ना?" डॉक्टरबाईंनी सांगितले, "बाळ, शेवटी अर्धा सेंटिमीटर राहील, त्याला बूट लागत नाही. पण त्याला तीन वर्षे लागतील, उद्या नाही." हे त्यांनी स्पष्ट केले ते फार बरे झाले, कारण शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पाय सारखे दिसतील अशी आमच्या निम्म्या नातेवाइकांची कल्पना होती.

शस्त्रक्रिया पाऊण तासाची होती. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरचा छेद घेऊन एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ड्रिलने पट्टी खरवडली. स्क्रू घालून पट्टी दाबून ठेवण्याचीही पद्धत आहे, पण पुढे ते काढण्यासाठी सहसा दुसरी भूल लागते, म्हणून आम्ही ड्रिल स्वीकारले, ते कायमचे आहे हे समजून. एक रात्र दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी वॉकरने पाय टेकवून चालणे, तीन आठवड्यांनी वॉकरशिवाय शाळा आणि अडीच महिन्यांनी धावण्याची परवानगी. पहिले चार दिवस गुडघा सुजला होता आणि तो वाकवताना ती रडली, एवढेच.

खरी काळजी त्यानंतरची होती. पट्टी एका बाजूने बंद झाली आणि दुसरीकडून वाढत राहिली, तर गुडघा आत किंवा बाहेर वाकतो. म्हणून चौथ्या, आठव्या आणि बाराव्या महिन्यात उभ्याने एक्स-रे काढले आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा गुडघ्याच्या मध्यातून जाते का ते पाहिले. घरी मला सांगितलेली खूण सोपी होती : गुडघे जुळवून उभे केल्यावर दोन्ही घोट्यांमधले अंतर महिन्यातून एकदा मोजायचे. ते आधीही दोन बोटे होते आणि नंतरही दोन बोटेच राहिले.

एका वर्षाने फरक १.९ झाला, दोन वर्षांनी १.१. जसजसा तो कमी झाला तसतसे चर्मकार काका बुटातून एकेक थर काढत गेले. थर काढायला उशीर झाला तेव्हा एकदा उलटीच चाल दिसू लागली, डावीकडे उंच. तेव्हापासून एक्स-रेच्या आठवड्यातच बूटही त्यांच्याकडे जाऊ लागला. आता ती चौदा वर्षे दोन महिन्यांची आहे आणि गेल्या महिन्यातले माप ०.७ सेंटिमीटर आहे. हिशेब ०.५ चा होता. त्यातले ५ मिलिमीटर नडगीत आहेत, तिथे आम्ही हात लावलाच नव्हता, आणि मांडीत केवळ २. कमरेचा बाक अनवाणी उभ्याने ४ अंश आहे. पंजाच्या एक्स-रेत पट्ट्या जवळजवळ मिटल्या आहेत, पुढचे आणि शेवटचे माप पंधराव्या वर्षी घ्यायचे ठरले आहे.